माझ्या बायोडाट्यातली तिची रिन्युअल्स

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा स्वतःचा बायोडाटा करायला बसलो. तोवर गरजच पडली नव्हती. विमा एजंटाला बायोडाटा कोण मागतं? परीक्षा द्यायची, कंपनीकडून एजंटचा कोड मिळाला की ओळखीच्या दारांपासून सुरुवात करायची. अठरा वर्षं मी तेच केलं. आधी जीवन विमा, मग त्याच्या जोडीला आरोग्य विमा. शहराला लागून असलेल्या वाडीतले ट्रान्सपोर्टवाले, गोदामांचे सुपरवायझर, कळमना मार्केटमधले अडते आणि दलाल, काही शाळामास्तर. एकाने दुसऱ्याचं नाव सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची वेळ कधी आली नाही.

बायोडाटा करायची वेळ आली ती बायकोच्या आजारपणानंतर.

पॉलिसी विकायचो मी, पण ती टिकवायची बायको. आमच्या धंद्यात पॉलिसी विकणं हे अर्धंच काम. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी असते, माणूस पुन्हा हप्ता भरतो की नाही याची. भरला तर पॉलिसी चालू, आपलं कमिशन चालू आणि त्याच्यावर पुन्हा एखादं नवं नाव मिळायची आशा. नाही भरला तर सगळं बंद. सकाळचा स्वयंपाक उरकला की बायको फोन घेऊन पलंगावर बसायची आणि त्या महिन्यात ज्यांचं रिन्युअल आहे त्यांना एकेक करून लावायची.

हप्त्याचं ती सुरुवातीला बोलायचीच नाही. "भाऊ, मोठ्या मुलीचं कॉलेज लागलं काय? आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, चालून राहिल्या का आता?" असं बोलता बोलता शेवटी म्हणायची, "आणि हो, तुमची पॉलिसी या महिन्यात आहे बरं. हे येतील, नाहीतर मोबाइलवरून भरून द्या. विसरू नका." कळमन्याच्या माणसाला सोयाबीन निघाल्यावर फोन करायचा, त्याआधी नाही, हे तिने मला कधी समजावून सांगितलं नाही. ती तसं करायची एवढंच. लोकांनी तिला बघितलेलंही नव्हतं, पण मी कुठे गेलो की पहिला प्रश्न असायचा, "वहिनी कशा आहेत?"

मे महिन्यात भांडी घासताना तिच्या हातातून कढई पडली. मी आत गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. धंतोलीच्या हॉस्पिटलात नेलं. मेंदूच्या डाव्या भागातला रक्तपुरवठा अडला होता. जीव वाचला. उजवा पाय काही महिन्यांत बऱ्यापैकी परत आला, हात थोडा आला. वाचा आली नाही. तिला सगळं समजतं, बोललेलं, वाचलेलंही बरंचसं. पण तोंडातून बाहेर येतो एकच शब्द, "नाही." चहा हवा असला तरी "नाही", नको असला तरी "नाही", आनंद झाला तरी "नाही, नाही." डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं, एखादाच शब्द उरतो आणि माणूस सगळं त्याच्यातूनच सांगायला बघतो.

घरी आणल्यावर मी तिचा फोन चार्ज करून तिच्या उशाशी ठेवला होता. वाटलं, तिला बरं वाटेल. एक दिवस आंघोळ करून बाहेर आलो तर ती पलंगावर तिच्या नेहमीच्या जागी बसलेली, डाव्या हाताने फोन कानाला धरलेला. तिने कुणालातरी लावला होता. पलीकडून आवाज येत होता, "हॅलो, कोण बोलून राहिलं? हॅलो?" आणि ती म्हणत होती, "नाही. नाही, नाही." आवाज तोच होता, तिचा नेहमीचा, हप्त्याआधी ख्यालीखुशाली विचारतानाचा. शब्द तेवढा एकच. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, राँग नंबर आहे," आणि त्याने ठेवला. ती बराच वेळ फोनकडे बघत बसली. मग तिने तो माझ्याकडे दिला. मी तो बंद केला आणि कपाटात ठेवून दिला. तिने पुन्हा मागितला नाही.

ते वर्ष माझं हॉस्पिटल, फिजिओथेरपी आणि स्वयंपाकात गेलं. फोन मीही करायचो. पण मला विक्रीचं बोलता येतं, आठवण द्यायचं नाही. माझा फोन गेला की माणूस म्हणायचा, "हो हो, भरतो," आणि भरायचा नाही. कितीतरी लोकांना फोन करायचे राहूनच गेले. नवीन काम तर जवळजवळ बंदच झालं, कारण नवीन नाव जुन्या माणसाकडूनच येतं. वर्षअखेरीला कळलं की आता एजन्सीवर घर चालणार नाही. बांधल्या पगाराची नोकरी बघायला हवी.

माझा भाचा मिहानमधल्या एका कंपनीत माणसं भरती करणाऱ्या विभागात आहे. तो रविवारी लॅपटॉप घेऊन आला. दुसऱ्या एका विमा कंपनीत एजन्सी मॅनेजरची जागा होती. नवे एजंट नेमायचे, त्यांना शिकवायचं, त्यांच्याकडून धंदा काढायचा. पगार ठरलेला. आपली स्वतःची एजन्सी मात्र सोडून द्यावी लागते, कारण एका कंपनीचा नोकर दुसऱ्या कंपनीचा एजंट राहू शकत नाही. आपल्या जुन्या पॉलिसी मग जुन्या कंपनीकडेच राहतात. त्यांना ऑफिसात 'ऑर्फन' म्हणतात, अनाथ. कंपनी त्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकते.

"मामा, इथे आपल्याले आकडे लागतात," भाचा म्हणाला. "मेहनती, प्रामाणिक, असलं लिहून काही होत नाही. क्लायंट बेस किती? चालू पॉलिसी किती? रिन्युअल किती टक्के? रेफरलमधून किती धंदा आला?"

मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. चारशेच्या वर कुटुंबं. जीवन, आरोग्य आणि थोडं गाड्यांचं. दहातली सात कामं ओळखीतून आलेली. हे सगळं तो मोठ्याने वाचून दाखवत होता, आणि बायको समोर भिंतीला टेकून ऐकत होती.

"रिन्युअल?"

"नव्वद टक्क्यांच्या वरच राहिलं नेहमी," मी म्हटलं. "मागचं वर्ष सोडून. मागच्या वर्षी साठच्या आसपास आलं."

तो थांबला. "मग आपण पाच वर्षांची सरासरी लिहू. खोटं नाही ते."

"ठीक आहे. पण ते माझं नाही. रिन्युअल सगळं तुझ्या मामीनं केलं. तसं लिहिता येईल काय कुठं?"

भाच्याने एकदा तिच्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. "मामा, रेझ्युमे एकाच माणसाचा असतो."

त्याचं चुकत नव्हतं. त्याने लिहिलं, 'उत्कृष्ट ग्राहकसंबंधांतून सातत्याने उच्च नूतनीकरण.' वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "नाही." भाच्याला वाटलं तिला ते पटलं नाही. मलाही त्या क्षणी कळलं नाही की ती काय म्हणते आहे. ती हसत होती, म्हणून मी ते हो धरलं. आज विचार केला तर तेही खात्रीने सांगता येत नाही.

शेवटी संदर्भ म्हणून दोन-तीन माणसं हवी होती. पहिलं नाव मी कळमन्याच्या दलालाचं सांगितलं. धान्याची दलाली करणारा माणूस, माझ्या वयाचा. एकट्या त्याच्या शब्दावर मार्केटमधली पस्तीस-चाळीस कुटुंबं माझ्याकडे आली असतील. त्याचं नाव ऐकताच बायकोचा चेहरा खुलला. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी तिचं त्याच्या बायकोशी फोनवर तासन्‌तास बोलणं झालं होतं.

मुलाखत सदर भागात, त्यांच्या शाखेत होती. काचेच्या केबिनमध्ये शाखाप्रमुख बसल्या होत्या, तिशी-पस्तिशीच्या बाई, बोलणं मऊ. माझा बायोडाटा त्यांनी छापून समोर ठेवला होता आणि पेन्सिलने एका ओळीखाली रेघ मारलेली होती.

"सर, हे पाच वर्षांचं आहे. वर्षवार आहे का?"

एजन्सीच्या ॲपवर सगळं दिसतं. लपवायचं काही नव्हतं. मी फोन उघडून दाखवलं. चार वर्षं एका उंचीवर असलेले खांब आणि पाचवा एकदम बुटका.

"मागच्या वर्षी काय झालं?"

"घरी आजारपण होतं, मॅडम."

त्यांनी मान हलवली. "होतं असं. तुमची रेफरल्स फार चांगली आहेत. आम्हाला तेच हवंय, कारण नवा एजंट तुम्ही आणणार तो ओळखीतूनच. ज्याने तुम्हाला सगळ्यात जास्त नावं दिली, त्याला आत्ता फोन लावाल का? आम्ही सगळ्यांनाच लावायला सांगतो. तुम्ही माणसाशी कसं बोलता ते बघायचं असतं, बाकी काही नाही. स्पीकरवर ठेवा आणि मी इथे आहे हे त्यांना सांगा."

मला बरंच वाटलं. मी कळमन्याला फोन लावला.

"बोला भाऊ," तो म्हणाला. आवाज बसलेला वाटला. मागे हमालांचा गलका नव्हता.

मी सांगितलं, एका ऑफिसात बसलोय, मॅडम ऐकतायत, नोकरीचं आहे, तुमचं नाव दिलंय.

"दिलं तर चांगलं केलं. वहिनी कशा आहेत?"

"बरी आहे."

"बरी आहे तर मग फोन काहून नाही केला त्यांनी?"

मी मॅडमकडे बघितलं. तो पुढे बोलतच होता.

"मी वाट पाहून राहिलो होतो भाऊ. दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, म्हटलं आता वहिनीचा फोन येईल. मीच लावला एक-दोनदा, तर बंद सांगून राहिला. म्हटलं गावाला गेल्या असतील. कंपनीचे मेसेज तर रोजचे दहा येतात, कोण वाचते ते. मग जानेवारीत छातीत दुखलं. धंतोलीत नेलं पोरानं. कार्ड दिलं काउंटरवर, तर ती पोरगी म्हणते, काका, ही पॉलिसी तर बंद आहे. तारीख होऊन दोन महिने झाले, म्हणे. मी म्हटलं, अशी कशी बंद होईन? वहिनीचा फोनच आला नाही अजून."

आरोग्य विम्यात हप्त्याची तारीख गेली तरी एक महिना सवलतीचा असतो. तेवढ्यात भरलं तर जुनं सगळं टिकतं. त्यापुढे गेलं की संपलं. हे त्याला मी कधी समजावून सांगितलं नव्हतं, आणि त्याला समजून घ्यायची कधी गरजही पडली नव्हती.

"आता कशी आहे तब्येत?" मी विचारलं.

"हृदयात दोन नळ्या टाकल्या. बेस्याले एक प्लॉट घेऊन ठेवला होता, तो विकला. मार्केटमध्ये पोरगा बसते आता. तुम्ही सांगा, मॅडमले काय सांगू तुमच्याबद्दल? माणूस चांगला आहे, असं सांगतो. चांगलेच आहात तुम्ही."

मी म्हटलं, मी येतो भेटायला. आणि फोन ठेवला.

शाखाप्रमुखांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मग त्यांनी विचारलं, "वहिनी म्हणजे तुमच्या मिसेस?"

मी सगळं सांगितलं. मे महिना, कढई, तो एक शब्द. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"हे रेझ्युमेत दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही दिसत."

"सर, वाईट वाटून घेऊ नका. पण मला वर विचारतील. तुमच्या हाताखालच्या एजंटांच्या रिन्युअलचं काम इथे कोण करणार?"

"मी करीन."

"मागच्या वर्षीही तुम्हीच केलंत ना?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, आणि उत्तर ॲपवरच्या त्या बुटक्या खांबात होतं. त्या म्हणाल्या, कळवते. उठून दारापर्यंत आल्या. बायोडाटा त्यांच्या टेबलावरच राहिला.

घरी बायको दारातल्या खुर्चीत बसली होती. मी नव्या शर्टात गेलो होतो म्हणून तिला कळलं होतं की काहीतरी महत्त्वाचं आहे. "कळवतील," मी म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नजर वळवली. तिच्याशी खोटं बोलायला मला आधीही जमत नव्हतं, आणि आता तर ती ऐकण्यापेक्षा बघतेच जास्त.

दोन दिवसांनी मी कळमन्याच्या दलालाच्या घरी गेलो. तो पलंगावर बनियनवर बसला होता, निम्मा झालेला. त्याच्या बायकोने चहा आणला. तिला मी बायकोचं सांगितलं, तर ती तिथेच जमिनीवर बसली. "आमाले सांगतलं असतं तर," ती म्हणाली. "आमी काय काय म्हटलं त्यायले. म्हटलं, काम झालं, माणसाले इसरली बाई."

दलाल चहा पीत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग त्याने विचारलं, "आता पुन्हा निघंन काय गा पॉलिसी?"

हा प्रश्न येणार हे मला बसमध्येच माहीत होतं. मी खरं ते सांगितलं. बहुतेक कंपन्या आता नाहीच म्हणतील. एखादी देईल, तर हप्ता फार चढा असेल, आणि हृदयाच्या दुखण्याला पहिली तीन वर्षं काही मिळणार नाही. जुन्या पॉलिसीत ती वर्षं कधीच भरून झाली होती. ती आता मोजली जाणार नाहीत.

"म्हणजे जेव्हा लागंन तेव्हा नाही."

"हो."

"अन् आमच्या हिची?"

"हिची निघेल. एकटीची. तिला काही नसेल तर."

"मग हिची काढा," तो म्हणाला. आणि बायकोकडे न बघता पुढे म्हणाला, "पण तुमच्याकडून नाही काढत भाऊ आता. राग नाही. पोराच्या ओळखीचा आहे एक बँकेत. रोज समोर असते तो. तुमच्यावर घरचंच लई आहे."

मी म्हटलं, बरोबर आहे. आणि खरंच बरोबर होतं. त्याच्या मागून मार्केटमधली बाकीची घरंही हळूहळू गेली. भांडण कुणाशीच झालं नाही. फोन केला की सगळे आधी तिची चौकशी करायचे आणि मग सांगायचे की या वर्षी मुलाने दुसरीकडून घेतली आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोने हाताने मार्केटच्या दिशेला खूण केली. कसा आहे, असं विचारत होती. मी सांगितलं, बरा आहे, थोडी तब्येत नरम होती, आता बरा आहे. पॉलिसीचं सांगितलं नाही. तिने छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. ती त्याच्यासाठी देवाची प्रार्थना करत होती की त्याच्या छातीचं तिला कुठून तरी कळलं होतं, ते मी विचारलं नाही. विचारून उत्तर तर एकच येणार होतं.

सदरहून फोन आला नाही. भाच्याने तोच बायोडाटा आणखी सात-आठ ठिकाणी टाकला. एका ठिकाणी बोलावलं, ते म्हणाले, पगार नाही, कमिशनवर या, आणि येताना तुमच्या सगळ्या क्लायंटचे नंबर आणा. मी म्हटलं, नंबर आहेत, माणसं नाहीत. त्यांना ते कळलं नाही आणि मी समजावत बसलो नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तिथल्या एका पोराने माझं वय बघून कागद परत दिला, तोही नीट दोन हातांनी.

आता मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवतो. मालक माझा जुना ग्राहक. त्याने बायोडाटा मागितला नाही. गाडी कुठली, माल काय, कुठे उतरायचा, एवढं लिहायचं. समोर दिवसभर ट्रक मागेपुढे होत असतात आणि डिझेलच्या धुराने शर्टाची कॉलर काळी होते. जुने ड्रायव्हर ओळखतात. पूर्वी ते मला बघून पॉलिसीचं विचारायचे, आता गाडी कधी लागेल ते विचारतात. एजन्सी कागदावर आहे. काही जीवन विम्याच्या जुन्या पॉलिसी बँकेतून आपोआप कापल्या जातात, म्हणून त्या टिकल्या. मी त्यांना फोन करत नाही.

दुपारी शेजारची मुलगी बायकोजवळ येऊन बसते. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांचे पत्ते दिले आहेत, ते तिच्यापुढे धरते. गेल्या काही महिन्यांत तिला "पाणी" म्हणता यायला लागलं, मग "चहा". "नाही" आता थोडं कमी झालं आहे. बाई म्हणतात, वस्तूंचे शब्द आधी येतात, प्रगती आहे. माणसाचं नाव अजून एकही आलेलं नाही. माझंही नाही.